नवजात बाळाच्या फोटोतली लाली आणि कॅप्चर वनचं ‘स्किन टोन’: काही महिन्यांच्या वापरानंतर

कॅप्चर वनच्या कलर एडिटरमध्ये बेसिक, अ‍ॅडव्हान्स्ड आणि स्किन टोन असे तीन टॅब आहेत. मी गेले काही महिने तिसरा टॅब एकाच कामासाठी वापरतेय. दहा-बारा दिवसांच्या बाळाच्या अंगावरची ठिकठिकाणची लाली एकसारखी करायची, पण बाळाचा स्वतःचा रंग हलू द्यायचा नाही. जळगाव आणि आसपासच्या तालुक्यांत मी बारशाचे आणि बाळंतिणीच्या खोलीतले फोटो काढते. आधी हेच काम फोटोशॉपमध्ये ह्यू-सॅच्युरेशन घेऊन, ‘रेड्स’ची पट्टी अरुंद करून, मास्कवर ब्रश फिरवत करायचे. ते अजूनही चांगलं होतं, पण त्यात लाल रंग नुसता ढकलला जातो. तो कुठे जाऊन थांबावा हे आपल्यालाच डोळ्यांनी ठरवावं लागतं.

स्किन टोनमध्ये काम उलट्या दिशेने चालतं. पिकरने त्वचेचा एक रंग उचलायचा, म्हणजे त्याच्या आसपासचे रंग त्या रंगाकडे ओढले जातात. ही ओढ युनिफॉर्मिटीखालच्या ह्यू, सॅच्युरेशन आणि लाइटनेस या तीन स्लायडरांनी कमी-जास्त करता येते. म्हणून पिकर लाल डागावर लावायचा नाही. बाळाची चांगली त्वचा शोधायची. ती बहुधा पोटावर किंवा कपाळाच्या कडेला, केसांच्या रेषेखाली सापडते. क्लिक तिथे करायचं आणि मग रंगचक्रावरची पाचर लाल बाजूला इतकी रुंद करायची की डागही तिच्यात येतील. निवडलेला रंगपट्टा दाखवणारी खूण लावली की बाकीचा फोटो करडा होतो आणि पाचर कुठवर पोहोचली ते लगेच दिसतं.

एक उदाहरण सविस्तर सांगते. यावलकडच्या एका गावातलं बारा दिवसांचं बाळ, आईच्या माहेरी, खिडकीच्या उजेडात. हनुवटी आणि गाल लाल, कपाळ ठीक, हातांचे पंजे किंचित निळसर. खाली लाल लुगड्याची गोधडी होती. तिचा रंग हनुवटीखाली उमटत होता, आणि ती लाली बाळाची नव्हेच. म्हणून गोधडीवर पांढरं धोतर अंथरलं, ग्रे कार्डाचा एक फोटो घेतला आणि एक्स्पोजर थोडं कमीच ठेवलं. गालावरचा लाल चॅनेल एकदा फुटला की नंतर तिथे एकसारखं करायला काही उरत नाही.

घरी आल्यावर आधी ग्रे कार्डावरून व्हाइट बॅलन्स. हे आधीच उरकावं, कारण नंतर बॅलन्स हलवला तर उचललेला रंग आणि पाचर दोन्ही चुकतात. मग नवा लेयर घेऊन मऊ ब्रशने त्वचेवर मास्क रंगवला. त्यातून ओठ, नखं, पापण्यांच्या कडा आणि कान वगळले. ओठांतली लाली गेली तर बाळ आजारी दिसतं. कानांचं कारण खानदेशातल्या कुठल्याही आजीला विचारा. बाळाचा पुढचा रंग ती कानाच्या पाळीवरून सांगते, त्यामुळे फोटोतही तिची नजर आधी तिथेच जाते.

कपाळावर रीडआउट ठेवला तेव्हा लाल २१४, हिरवा १६८, निळा १४२ होता. गालावरच्या डागात २०८, १३८, १२४. लाल आकडे जवळजवळ सारखेच आहेत, खरा फरक हिरव्यात आहे. लाली म्हणजे त्वचेत जास्तीचा लाल रंग नव्हे. पातळ कातडीखालचं रक्त हिरवा उजेड शोषून घेतं, म्हणून तिथला हिरवा कमी होतो. लाल आणि हिरव्यातलं अंतर कपाळावर ४६ आणि डागात ७०. मी ते ४६ वर आणत नाही, पंचावन्न-साठच्या दरम्यान थांबते. इथे युनिफॉर्मिटीत ह्यू ४०, सॅच्युरेशन २५ आणि लाइटनेस जेमतेम ८ ठेवला. लाइटनेस वाढवत गेलं की गालाची गोलाई दाखवणारी सावलीही सपाट होते आणि बाळ मेणाचं दिसू लागतं.

याच पायरीवर एक अडचण हमखास येते. रंग जुळतो, पण जिथे लाली होती तिथे मळकट, तपकिरी डाग राहतो. हिरवा कमी असल्यामुळे ती जागा मुळातच काळपट असते, आणि आधी तो काळपटपणा लाल रंगाआड लपलेला असतो. यावर मी दुसरा छोटा लेयर घेते, फक्त त्या डागांवर ब्रश फिरवते आणि एक्स्पोजर अगदी थोडं वाढवते. डाग नेमके कुठे आहेत ते पाहायला ब्लॅक अँड व्हाइट काही क्षण चालू करून त्यातला रेड खाली ओढते. लाल जागा गडद होऊन उठून दिसतात. पाहून झालं की तो बंद.

निळसर पंजे स्किन टोनच्या कामाचे नाहीत. तो निळा-जांभळा रंग चक्रावर त्वचेपासून फार लांब असतो आणि पाचर तिथवर ताणली की सगळंच ओढलं जातं. पंजांसाठी वेगळा लेयर घेऊन त्यावर व्हाइट बॅलन्स थोडा उबदार करते. त्यातही जरा निळसर छटा ठेवतेच, कारण पहिल्या दिवसांत हातपाय तसे असतातच. खोली गार झाली तर अंगावर जाळीसारखे चट्टेही उमटतात. ते फोटोत घालवत बसण्यापेक्षा पंखा बंद करून बाळाला थोडा वेळ गुंडाळून ठेवलेलं बरं.

आता रंगाबद्दल. अमाउंटखालचे तीनही स्लायडर मी शून्यावरच ठेवते. युनिफॉर्मिटी फरक कमी करते, अमाउंट मात्र सगळी त्वचाच सरकवतं, आणि तिथला लाइटनेस ओढला की बाळ ‘गोरं’ होतं. अशी मागणी येते, घरातलंच कुणीतरी म्हणतं, “ताई, जरा उजळ करा ना.” मी नाही म्हणते. अशाच एका घरात एका आजीने दुसऱ्या कुणीतरी उजळवलेला फोटो हातात घेऊन “हाऊ आमना पोऱ्या शे का?” असं विचारलेलं मी ऐकलंय. पडताळा म्हणून एक तरी फोटो आईच्या हातासकट घेते आणि तो हात मास्कबाहेर ठेवते. बाळ आणि आईचा हात एकाच उजेडातले वाटेनासे झाले, तर लेयरची ओपॅसिटी खाली आणायची. सावळ्या बाळांत लाली जांभळट-तपकिरी दिसते. तिथे पाचर कमी रुंद आणि ह्यू २५च्या आसपास पुरतो.

पिवळेपणा असलेल्या बाळाच्या बाबतीत हे साधन फसवतं. पिवळट गालावर पिकर लागला की सगळं अंग पिवळ्याकडे ओढलं जातं. आणि बाळ डोळ्यांना पिवळं दिसत असेल, तर फोटो बाजूला ठेवून आधी घरच्यांना डॉक्टरांना दाखवायला सांगते.

मांडीवरचा किंवा पाठीवरचा निळसर-करडा डाग, पापण्यांवरची आणि मानेमागची गुलाबी खूण हे मी आईला विचारल्याशिवाय पुसत नाही. बऱ्याच जणी ठेवायला सांगतात. सोललेली कातडी आणि बारीक पुरळ यांसाठी अजून फोटोशॉपचा हीलिंग ब्रशच लागतो.

वेळेचं म्हणाल तर सेटिंग पुढच्या फोटोवर कॉपी होतं, पण बाळाने मान वळवली की ब्रशचा मास्क पुन्हा रंगवावा लागतो. पंचवीस फोटोंच्या अल्बममध्ये बहुतेक वेळ त्यातच जातो. शेवटी एसआरजीबीमध्ये जेपीजी काढून लॅबला ‘करेक्शन करू नका’ असं लिहून देते, आणि अल्बम छापण्याआधी गालाचा एक लहान प्रिंट मागवून तो दिवसाच्या उजेडात, दारात उभी राहून बघते.