एसीतला डेमो आणि ३१ हजारांचं कार्ड

गेल्या मे महिन्यात ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने घणसोलीला गेलो आणि एक वापरलेलं ग्राफिक्स कार्ड घेऊन आलो. आरटीएक्स ३०८०, १० जीबीचं. ३१ हजार रोख मोजले. विकणाऱ्याचं म्हणणं होतं, "दादा, घरगुती वापर आहे. पोरगं रविवारी गेम खेळायचं, बाकी पडून." कार्ड इतकं लख्ख होतं की माझा लगेच विश्वास बसला.

खोलीत एसी चालू होता. चांगलाच, अंगावर काटा येईल इतका. त्याच्या पीसीची बाजूची पत्री काढून ठेवलेली. त्याने फरमार्क ही कार्डाला ताण देणारी चाचणी लावली, पाच मिनिटं ते केसाळ वर्तुळ फिरत राहिलं, कोपऱ्यात तापमान ६९ अंश. "बघा, सत्तरच्या आत." मी मान डोलावली. माळ्यावर त्याच कार्डाचे सहा खोके एकावर एक रचलेले दिसले होते. विचारलंही. तर म्हणे भावाचं दुकान आहे.

घरी आल्यावर पहिला तासभर मजेत गेला, म्हणजे खरं तर पंधरा-वीस मिनिटंच. मग गेम अडखळायला लागला. नव्वद फ्रेमवरून चाळिसावर, परत नव्वद, परत चाळीस. पंख्यांचा आवाज इतका की आई स्वयंपाकघरातून विचारायला आली, मिक्सर कोणी लावला. कोरचं, म्हणजे कार्डाच्या मुख्य चिपचं, तापमान मात्र ७४. मला वाटलं ड्रायव्हरचा घोळ असेल. दोन दिवस त्यातच घालवले.

तिसऱ्या दिवशी मावसभावाने सगळी तापमानं दाखवणारं HWiNFO64 उघडायला लावलं आणि `GPU Memory Junction Temperature` ही ओळ शोधायला सांगितली. ११० अंश. या कार्डावरची जीडीडीआर६एक्स मेमरी तिथे पोचली की कार्ड स्वतःच वेग तोडतं. गेम अडखळत होता तो त्यामुळे.

फरमार्क मुख्यतः कोर तापवतो. इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग नेमकं उलटं करायचं. त्यात मेमरी चोवीस तास पूर्ण ताणलेली असायची, आणि विजेचं बिल वाचवायला कोरची वीज मुद्दाम कमी केलेली असायची. त्यामुळे वर्ष-दीड वर्ष गाळ्यात भाजलेल्या कार्डाचा कोर ठणठणीत असू शकतो. झीज होते ती मेमरीच्या चिप आणि हीटसिंक यांच्यामधल्या, उष्णता वाहून नेणाऱ्या थर्मल पॅडची. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि असली कार्डं बाजारात आली. ती आजही हात बदलत फिरतायत. कोरचा आकडा दाखवणारा खोटं बोलतच असतो असं नाही, पण तो नको तो आकडा दाखवत असतो.

दुसरी गोष्ट वेळेची. हीटसिंक म्हणजे किलोभर धातू, तो तापायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. त्यात उघडी कॅबिनेट आणि थंड खोली. पाच मिनिटांत माझं हे कार्डही निरोगी दिसलं, यात नवल ते काय.

आम्ही ते उघडलं. ३०८० वर कोरभोवती मेमरीच्या दहा चिप असतात. बोटाने दाबलं की दबावा असा पॅड. पण इथे दोन चिपवरचा पॅड हीटसिंकलाच चिकटून राहिला होता आणि नखाने खरवडला तर सुकलेल्या चुन्यासारखा भुगा झाला. बाकीच्यांखाली बोर्डावर तेलकट डाग पसरलेले. पॅडमधलं सिलिकॉनचं तेल उष्णतेने बाहेर झिरपतं आणि मागे उरते कोरडी भुकटी. बाहेरून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून चकाचक केलं होतं, पण हीटसिंकच्या पात्यांच्या कडेने तेलाची ओल मोबाईलच्या टॉर्चमध्ये दिसत होती. ती घणसोलीतही दिसली असती. मी टॉर्च लावलाच नव्हता. लोखंडी पट्टीच्या स्क्रूंना गंजही होता. खाडीच्या हवेत आपल्याकडे सगळंच गंजतं म्हणून त्यावरून मी कोणाला दोषी धरणार नाही. पण स्क्रूच्या खाचा झिजलेल्या असतील तर कार्ड आधी उघडलं गेलंय एवढं नक्की.

पंख्यांचं तर मला तिथेच कळायला हवं होतं. ही कार्डं रिकामी असताना पंखे थांबतातच, त्यामुळे "बघा किती शांत" याला काही अर्थ नाही. वीज बंद असताना पातं बोटाने हलकेच ढकलायचं. चांगला पंखा थोडा फिरून अलगद थांबतो. माझा मधला अर्ध्या फेरीतच अडकून थांबत होता, आणि मधला गोल पकडून वरखाली केला तर खुळखुळत होता. मग एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये वेग हाताने ३० टक्क्यांवर ठेवायचा आणि कान जवळ न्यायचा. बेअरिंग गेलेला पंखा कमी वेगावर टकटक करतो किंवा सुरू व्हायलाच कुरकुरतो. जोरात फिरवला की तो आवाज वाऱ्यात बुडतो. त्या दिवशी पंखे जोरातच फिरत होते आणि वर एसीची घरघर.

दुरुस्तीत मीही एक चूक केली. बाजारातून सगळीकडे २ मिलिमीटरचा पॅड आणून लावला. मेमरी गार झाली, पण जाड पॅडमुळे हीटसिंक कोरवर नीट बसेना आणि `GPU Hot Spot`, म्हणजे कोरवरच्या सगळ्यात गरम जागेचा आकडा, १०४ वर गेला. पॅडची जाडी प्रत्येक कंपनीच्या मॉडेलला वेगळी असते, एकाच कार्डावर दोन-तीन जाड्याही असतात. शेवटी थर्मल पुट्टी लावली. ती कणकेसारखी दबून जागा भरते, मोजमापाचा प्रश्न उरत नाही. पुट्टी आणि तीन पंखे मिळून साडेतीन हजार. मेमरी आता तासाभराच्या खेळानंतर ८८ ला थांबते. नव्या कार्डातही हा आकडा नव्वदीच्या आसपास जाऊ शकतो, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही.

पण ओसीसीटी या चाचणीच्या प्रोग्रॅममधली व्हीरॅमची, म्हणजे कार्डावरच्या मेमरीची, चाचणी अर्धा तास चालवली की दोन-चार चुका अजून दाखवते. शून्यच असायला हव्यात. पॅड बदलता येतो. इतके दिवस भाजलेली चिप परत ताजी होत नाही. कधीतरी पडद्यावर रंगीत ठिपके येतील तेव्हा येतील.

विकणाऱ्याला फोन केला. "दादा, तुमच्यासमोर चालवून दाखवलं ना?" खरंच दाखवलं होतं. मग खोक्यावरचा सिरियल नंबर पाहिला, कार्डावरच्या स्टिकरशी जुळेना. सहातला भलताच खोका हातात दिला होता. हे मी दाराशी उभं राहून दहा सेकंदांत तपासू शकलो असतो.

परवा त्याच मावसभावाला कार्ड घ्यायचं होतं, ऐरोलीला गेलो. मी सांगितलं, एसी बंद करा, पत्री लावा, एखादा गेम फोरकेमध्ये वीस मिनिटं चालू द्या, आणि HWiNFO64 ची ती ओळ पडद्यावर उघडी ठेवा. चौदाव्या मिनिटाला १०२ दिसले. विकणारा म्हणाला, "उन्हाळा आहे ना साहेब." आम्ही चहा घेतला आणि ऐरोलीहून परतीची गाडी पकडली.