वाक्य चित्रासोबत की चित्रानंतर?

वाचन तासाच्या स्लाईड दोन प्रकारे करता येतात. एकात मोठं चित्र आणि खाली वाक्य एकदम दिसतं, दुसऱ्यात आधी नुसतं चित्र येतं आणि पुढच्या क्लिकला वाक्य.

एकदम दाखवलं की काम पटकन उरकतं, पण पहिली-दुसरीची पोरं चित्र बघूनच बोलून टाकतात. समजा चित्रात केळीच्या बागेत घुसलेली शेळी आहे अन खाली "शेळीने पान ओढलं", तर अर्धा वर्ग "बकरीनं पान खाल्लं" म्हणणार, म्हणजे वाचलं कोणीच नाही! खात्री करायची तर चित्र झाका आणि तेच वाक्य परत वाचायला सांगा, लगेच कळतं.

चित्र आधी ठेवलं तर पोरं त्यावर अहिराणीत मनसोक्त बोलून घेतात (आपल्याकडे हे होणारच, होऊ द्यावं), मग वाक्य आलं की आपण म्हटलं ते अन लिहिलेलं एकच आहे का हे बघायला अक्षरांकडे बघावंच लागतं. वेळ मात्र बराच जातो, त्यामुळे गोष्ट आठ-दहा चित्रांचीच घ्या.

यासाठी ॲनिमेशन नको, पीडीएफ केली की ते जातं आणि सगळं एकदम दिसतं. त्यापेक्षा वाक्याची स्लाईड Ctrl+D ने डुप्लिकेट करून पहिल्या प्रतीतलं वाक्य काढून टाका. वाक्य चित्रावर नको, खाली पांढऱ्या पट्टीवर काळं, नाहीतर उजेडाच्या वर्गात मात्रा-वेलांट्या दिसतच नाहीत.

तिसरी-चौथीला, सरळ वाचता येत असेल तर, पहिला प्रकार चालतो.