सिंकखालच्या कपाटाला मरीन प्लाय: दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

घर रत्नागिरीत, भिंती जांभ्याच्या, ओट्याला पश्चिमेकडे खिडकी. सिंकखालचा तीन फुटी बॉक्स १९ मिमी मरीन प्लायचा केला. त्याच्या शेजारी, भांडी पालथी घालतो तिथला बॉक्स साध्या कमर्शियल प्लायचा, म्हणजे एमआर ग्रेडचा. सुतार, सनमायका आणि बिजागऱ्या दोन्हीकडे त्याच, त्यामुळे दोन पावसाळे काढल्यावर तुलना सरळ करता येते.

साध्या प्लायच्या शटरची खालची कड आतल्या कोपऱ्यात फुगली आहे. जाडी बाकी ठिकाणी १९ मिमी, तिथे २२. कडेची पट्टी सुटून मागे प्लायचे थर वेगवेगळे दिसू लागलेत आणि बारीक सुरी दोन थरांमध्ये सहज आत जाते. खालच्या बिजागरीचे स्क्रू हलतात म्हणून शटर खाली लोंबतं आणि बंद करताना घासतं. खरं तर या बॉक्सवर पाण्याची धार कधीच पडत नाही. पडतात ते भांड्यांवरून निथळणारे थेंब. सिंकखालच्या बॉक्सने याहून कितीतरी जास्त सोसलं: मध्यंतरी बॉटल ट्रॅपची चकती ढिली होऊन तळाच्या फळीवर रात्रभर पाणी साचलं होतं. त्या फळीचा रंग थोडा काळवंडला, पण जाडी तीच आहे आणि एकही थर सुटलेला नाही.

हा फरक लाकडाचा कमी आणि गोंदाचा जास्त आहे. एमआर प्लायचे थर युरिया फॉर्मल्डिहाइडने चिकटवतात. तो स्वस्त, लवकर सुकणारा आणि कोरड्या खोलीत वर्षानुवर्षं टिकणारा गोंद आहे. पण ओल आणि उष्णता एकत्र आली की पाणी त्याचे रासायनिक बंध हळूहळू तोडतं. मरीन प्लायमध्ये फिनॉल फॉर्मल्डिहाइड असतो आणि त्याचे बंध पाण्याने तुटत नाहीत. प्रमाणित चाचणीतच अंतर किती आहे बघा: एमआरचा तुकडा ६० अंश पाण्यात ३ तास टिकला की पास, तर मरीनचा म्हणजे आयएस ७१० या भारतीय मानकाचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात.

कोकणात याचा परिणाम जास्त दिसतो, कारण इथे प्लाय नुसता भिजत नाही. जून ते सप्टेंबर तो फुगतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात आकसतो. प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे असल्याने प्रत्येक थराला वेगळ्या दिशेने ताणायचं असतं आणि हा सगळा ताण मधल्या गोंदावर येतो. गोंद आधीच कमकुवत झालेला असेल तर पहिल्या पावसाळ्यात काही दिसत नाही, दुसऱ्यात मात्र कड उघडते. म्हणून "पहिलं वर्ष छान गेलं" यावर विसंबू नका.

मात्र मरीन प्लाय पाणी पीत नाही, हा गैरसमज आहे. लाकूड ते लाकूडच, कापलेल्या कडेतून पाणी आत शिरतंच. गोंद सुटत नाही एवढंच, पण ओल राहिली तर बुरशी येते आणि सनमायकाही उचलतो. त्यामुळे मरीन घेऊन कडा उघड्या ठेवल्या तर पैसे निम्मे वाया जातात. सुताराकडून ही कामं करून घ्या आणि तो जोडणी सुरू करायच्या आधीच सांगा, नंतर कडा दिसतही नाहीत.

कापलेल्या प्रत्येक कडेला, भिंतीकडच्या आणि खालच्या धरून, इपॉक्सी किंवा पीयू सीलरचे दोन हात. पहिला हात कड पिऊन टाकते, म्हणून दुसरा टाळू नका. पुढच्या दिसणाऱ्या कडांना २ मिमी पीव्हीसी पट्टी. वेस्ट पाइपसाठी भोक पाडलं की त्याच्या आतल्या गोल कडेलाही सीलर लावायचा आणि पाइप बसवल्यावर भोवती सिलिकॉन भरायचं. बहुतेक स्वयंपाकघरांत सडायला सुरुवात याच भोकापासून होते आणि नेमकं तेच राहून जातं. सनमायकासाठी साधा पांढरा गोंद न वापरता वॉटरप्रूफ ग्रेडचा घ्यायचा, नाहीतर प्लाय शाबूत राहून वरचा कागद सुटतो.

बॉक्स जमिनीवर टेकवू नका. चार इंची पीव्हीसी पाय लावले की लादी पुसतानाचं पाणी फळीला लागत नाही आणि वाळवी चढताना दिसते. जांभ्याची भिंत पावसाळ्यात ओल धरते, म्हणून मागे बोटभर फट ठेवली आहे. सिंकच्या बॉक्सला पाठीमागची फळी पूर्ण न लावता वरच्या बाजूला फक्त एक आडवी पट्टी लावली, त्यामुळे हवा खेळते आणि नळाची जोडणी हाताला लागते. बिजागऱ्या आणि स्क्रू ३०४ ग्रेड स्टीलचेच हवेत. खाऱ्या हवेत साध्या बिजागरीला गंज धरतो आणि गंजलेल्या स्क्रूभोवतीचा प्लायही काळा पडतो.

खर्चाचं गणित तितकं भयंकर नाही. दर चौरस फुटाला मरीन हा कमर्शियलच्या साधारण दीडपट ते दुप्पट पडतो, पण सगळं स्वयंपाकघर त्यात करायची गरज नसते. ३६ इंच रुंद, ३० उंच, २२ खोल अशा बॉक्सला बाजूच्या दोन फळ्या, तळ, आडव्या पट्ट्या आणि दोन शटर मिळून २३ चौरस फूट प्लाय लागतो. आठ बाय चारच्या एका शीटमध्ये हे सगळं कापून बसतं. म्हणजे जास्तीचा खर्च एका शीटपुरता. वरची कपाटं आणि धान्याचे कप्पे एमआर किंवा मधल्या बीडब्ल्यूआर ग्रेडचे चालतील. निथळण्याच्या बाजूचा बॉक्स मात्र सिंकच्याच हिशोबात धरा. आमचा तो बॉक्स आता बदलावा लागणार आहे.

खरेदी करताना "वॉटरप्रूफ" किंवा नुसतं "मरीन" छापलंय म्हणून शीट उचलू नका. आयएसआय चिन्हासोबत आयएस ७१० आणि सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक असायला हवा. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाकला की कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही हे कळतं. कडेला गोंदाच्या रेषा गडद तपकिरी असतात, पण रंग मिसळून साध्या प्लायलाही तसं करता येतं, म्हणून त्यावर एकट्यावर भरवसा नको. वजनही बघा, १९ मिमीची चांगली शीट एका माणसाला उचलताना दमवते.

शंका राहिलीच तर दुकानातून तीन इंची तुकडा मागून घ्या आणि पातेल्यात झाकण ठेवून दिवसभर उकळा, पाणी आटलं की गरम पाणीच घाला. बाहेर काढून कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर घालून थर उचलायचा प्रयत्न करा. युरियाच्या गोंदाचा तुकडा एवढ्यात पानांसारखा सुटतो. खऱ्या मरीनमध्ये थर उचलला तरी लाकडाच्या चोया निघतात, गोंदाची गुळगुळीत रेष उघडी पडत नाही. दुकानदार तुकडा द्यायला तयार नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.