ब्रॅकेटची फ्लॅट लेंथ: हिशोब करायचा की पट्टी वाकवून बघायची?

खानापूरचा एक दोस्त जुनं प्रेस ब्रेक, म्हणजे शीट वाकवायचं मशीन, घेऊन बसलाय, परवा उद्यमबागेत चहाला आला आणि म्हणाला, फॉर्म्युला लावू की सरळ कटपीस वाकवून बघू? माझं उत्तर असं की फ्लॅट लेंथला, म्हणजे वाकवायच्या आधीच्या सपाट लांबीला, दोन्ही चालतात, पण स्प्रिंगबॅकला, म्हणजे दाब सुटला की पीस परत थोडा उघडतो त्याला, फॉर्म्युल्यावर विसंबू नको.

जॉब घ्या साधा. ३ एमएमची माइल्ड स्टील, म्हणजे एमएस शीट, एल ब्रॅकेट, बाहेरून ६० आणि ४०, एकच ९० चा बेंड. डाय २४ ची व्ही, म्हणजे जाडीच्या आठपट.

हिशोबवाले इथंच फसतात. पंचाच्या टोकाला १ एमएम रेडियस दिसतो, तोच फॉर्म्युल्यात घालतात. पण एअर बेंडिंगमध्ये शीट डायच्या तळाला टेकतच नाही, दोन खांद्यांवर अधांतरी वाकते, त्यामुळं आतला रेडियस पंच नाही तर व्हीची रुंदी ठरवते (पंचाचं टोक त्या रेडियसपेक्षा बारीक असेपर्यंत). एमएसला तो व्हीच्या साधारण १६ टक्के येतो, म्हणजे आपला ३.८४. के फॅक्टर, म्हणजे वाकताना लांबी न बदलणारी रेषा आतल्या बाजूनं जाडीच्या किती भागावर आहे तो आकडा, ०.४२ धरू.

```
BA = (π/2) × (R + K × t) = 1.5708 × (3.84 + 1.26) = 8.01
BD = 2 × (R + t) − BA    = 13.68 − 8.01 = 5.67
फ्लॅट = 60 + 40 − 5.67   = 94.33
```

R आतला रेडियस, t जाडी; पहिली ओळ बेंड अलाउन्स, दुसरी बेंड डिडक्शन, म्हणजे दोन्ही बाजूंच्या बेरजेतून वजा करायचं ते. आता ३.८४ च्या जागी पंचाचा १ घातला तर फ्लॅट ९५.५५ येतो, सव्वा एमएम जास्त. ऑपरेटर बॅकगेज सरकवून ४० ची बाजू बरोबर आणतोच, मग तो सगळा सव्वा एमएम ६० च्या बाजूला जाऊन बसतो आणि लेझरवर आधीच मारलेली भोकं जुळत नाहीत. आमच्याकडं असा एक अख्खा लॉट भंगारात गेलाय, आणि ड्रॉइंग मीच केलं होतं.

पट्टीवाल्याचं काम वेगळं. त्याच शीटची बरोबर १०० एमएमची पट्टी कापायची, त्याच व्हीवर वाकवायची आणि दोन्ही बाजू बाहेरून व्हर्नियरनं मोजायच्या. ५२.९ आणि ५२.८ आल्या तर बेरीज १०५.७, म्हणजे डिडक्शन ५.७. के फॅक्टर, रेडियस काही माहीत असायची गरजच नाही. फक्त एक गोष्ट, पट्टी ९० लाच पाहिजे हो, कोन ९२ असताना मोजलं तर आकडा चुकीचा येणार आणि तोच पुढं सगळ्या लॉटला लागणार. म्हणून आधी स्प्रिंगबॅक सोडवायचा, मग मोजायचं.

स्प्रिंगबॅकला पण फॉर्म्युला आहे, यील्ड स्ट्रेंथ, रेडियस आणि जाडीवरून काढतात. आपल्या एमएसला तो अर्ध्या डिग्रीच्या आसपास दाखवतो, मशीनवर एक डिग्रीपर्यंत उघडतं, चालून जातं. पण हाच ब्रॅकेट ३०४ स्टेनलेसमध्ये करा, फॉर्म्युला एक डिग्रीसुद्धा दाखवत नाही आणि पंच वर गेला की पीस दोन-तीन डिग्री उघडतो, कारण वाकता वाकता ते मटेरियल कडक होत जातं आणि साध्या फॉर्म्युल्यात ते धरलेलंच नाही. दोन डिग्री म्हणजे ६० च्या टोकाला दोन एमएम फरक, गुण्या लावला की फट डोळ्यानं दिसते. मग ८७-८८ पर्यंत दाबायचं, सोडायचं, बघायचं, थोडं थोडं वाढवायचं. पहिल्यांदाच जास्त दाबू नका, उलटं उघडत बसलात तर बेंड खराब होतो. शीटचा लॉट बदलला की परत एक पट्टी, कारण ग्रेड तीच असली तरी यील्ड आणि जाडी थोडी इकडंतिकडं असतेच.

आणि स्टेनलेसला रेडियसही मोठा येतो, व्हीच्या २१ टक्के धरलं तर ५.०४, फ्लॅट ९३.८२. म्हणजे एमएसचंच ड्रॉइंग वापरलं तर अर्धा एमएम जास्त.

बॉटमिंग करून टाकू म्हणणारे पण असतात, डायच्या तळापर्यंत दाबलं की स्प्रिंगबॅक जवळपास जातो आणि रेडियस पंचाचा येतो, तेव्हा तो १ एमएम फॉर्म्युल्यात बरोबर. पण टनेज एअर बेंडिंगच्या तीन ते पाचपट लागतं, आणि ८८ च्या डायऐवजी बरोबर ९० ची डाय असली तर उरलेला स्प्रिंगबॅक काढायला जागाच नाही. जुन्या मशीनला मी हे सांगणार नाही.

दोस्ताला सांगितलं ते असं: १०-२० पीस असतील तर सरळ पट्टी, अर्ध्या तासाचं काम. कोटेशन द्यायचंय, शीट अजून आलेली नाही किंवा चार-पाच बेंडचा जॉब आहे, तर हिशोब, पण रेडियस व्हीवरून. आणि प्रत्येक पट्टीचा आकडा मटेरियल, जाडी आणि व्ही लिहून वहीत टाक. त्यानं विचारलं, वही कन्नडमध्ये ठेवू की मराठीत, ऑपरेटर कन्नड आहे. म्हटलं, आकडे आकडेच असतात की.