इंग्रजी भाडेकराराचे फोटोतले पान: फोनवरचे भाषांतर पुरेसे आहे, की जाणकाराकडून समजून घ्यावे?

पुण्यात किंवा मुंबईत पहिल्यांदा घर भाड्याने घेणाऱ्याच्या हाती ‘लीव्ह अँड लायसन्स’ करार बहुधा इंग्रजीत येतो, आणि पुष्कळदा तो एजंटाने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोच्या रूपातच येतो. सहीला एक-दोन दिवस उरलेले असतात आणि मराठी माध्यमात शिकलेल्या तरुणापुढे तीन मार्ग असतात. फोनचा कॅमेरा पानावर धरून तिथल्या तिथे मराठी वाचायचे, फोटोतला मजकूर वेगळा काढून वाक्यावाक्याने भाषांतर करायचे, किंवा एखाद्या जाणकाराला गाठून अर्थ विचारायचा. हे तिन्ही मार्ग एकाच पानाला लावून पाहिले की प्रत्येकाची मर्यादा कळते.

गूगल लेन्ससारख्या साधनाने कॅमेऱ्यातून केलेले भाषांतर सर्वांत झटपट मिळते. पान कशाविषयी आहे, रक्कम कुठे लिहिली आहे, कोणते कलम दुरुस्तीचे आणि कोणते नोटिशीचे, हे त्यातून पुरेसे समजते. मात्र कायद्यातले वाक्य सहा-सात ओळी चालते, आणि फोटोत पान वाकलेले किंवा तिरके असेल तर साधन ते एकसंध न वाचता तुकड्यांनी वाचते. मग पहिल्या ओळीतला कर्ता आणि पाचव्या ओळीतले क्रियापद एकमेकांपासून तुटतात आणि पैसे नेमके कोणी द्यायचे हेच पुसट होते. शिक्क्याखाली गेलेला नकार आणि कडेला कापला गेलेला आकडा तर साधनाला दिसतच नाही. तरीही पडद्यावर वाचनीय मराठी उमटते, त्यामुळे काही गळल्याची शंकाही येत नाही. ती पडताळण्याचा सोपा उपाय असा, की मूळ पानावरचे सगळे आकडे आणि कलमांचे क्रमांक बोटाने मोजावेत आणि ते सगळे मराठीत उतरले आहेत का ते पाहावे.

मजकूर वेगळा काढण्याच्या दुसऱ्या मार्गाला थोडा अधिक वेळ लागतो, पण मला तो पहिल्यापेक्षा कितीतरी भरवशाचा वाटतो. ओळी जोडून पूर्ण विरामापर्यंतचे एक वाक्य एकत्र केले आणि मग भाषांतर केले, तर अटी आणि अपवाद आपापल्या जागी राहतात. त्यासाठी फोटो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावा, कारण साध्या फोटोचा आकार घटवला जातो आणि बारीक अक्षरे फुटतात. त्याहून चांगले म्हणजे एजंटाकडे मसुद्याची पीडीएफच मागावी. बहुतेक करार संगणकावरच तयार होत असल्याने ती त्याच्याकडे असते. दोन्ही मार्गांत एक काळजी समान आहे: आधार आणि पॅन क्रमांकाचा भाग झाकल्याशिवाय पान कोणत्याही साधनात टाकू नये.

आता एक कलम प्रत्यक्ष घेऊ. समजा, करार अकरा महिन्यांचा आहे, मासिक शुल्क १८,००० रुपये आणि अनामत ६०,००० रुपये आहे. करारात घर घेणाऱ्याला ‘परवानाधारक’, मालकाला ‘परवानादाता’ आणि ज्या सुरुवातीच्या काळात घर सोडता येत नाही त्याला ‘लॉक-इन’ म्हणतात. कलमाचा आशय असा आहे: वरील नोटिशीच्या कलमात काहीही म्हटलेले असले तरी, परवानाधारकाने पहिल्या सहा महिन्यांत जागा सोडल्यास उरलेल्या लॉक-इन काळाचे शुल्क त्याला द्यावे लागेल, परवानादात्याला मात्र एक महिन्याची नोटीस देऊन केव्हाही करार संपवता येईल, आणि जागा परत घेताना रंगकामाचे ८,००० रुपये अनामतीतून वळते केले जातील.

कॅमेऱ्यातून पाहिल्यावर यातले ‘सहा महिने’, ‘एक महिन्याची नोटीस’ आणि ‘अनामत’ एवढे ठळक दिसते, आणि नवखा वाचक समजतो की एक महिना आधी सांगितले की आपण मोकळे. वाक्य जोडून भाषांतर केले की सुरुवातीच्या ‘काहीही म्हटलेले असले तरी’ या शब्दांचे वजन कळते: या कलमापुढे आधीचे नोटिशीचे कलम चालत नाही. पण खिशातून नेमके किती जाईल हे अचूक भाषांतरही सांगत नाही. ते गणित कोणीतरी मांडून द्यावे लागते. नोकरी बदलल्यामुळे चार महिने पूर्ण होताच घर सोडले, तर उरलेल्या दोन महिन्यांचे ३६,००० आणि रंगकामाचे ८,००० वजा होऊन ६०,००० पैकी फक्त १६,००० रुपये हाती येतात. आणि बंधन एकतर्फी आहे: आपण सहा महिने अडकलो, तरी मालक अडकलेला नाही.

अशा ठिकाणी तिसरा मार्ग लागतो, आणि जाणकार कोण हे तिथे फार महत्त्वाचे ठरते. एजंट समजावून सांगतो, परंतु त्याची दलाली करार होण्यावर अवलंबून असते. ‘हे सगळ्याच करारांत असते’ हे त्याचे उत्तर खरे असले तरी ते अर्थ सांगत नाही. आधी भाड्याने राहिलेला मित्र झिजेचा खर्च, रंगकाम, सोसायटीचे नियम अशा व्यवहारातल्या गोष्टी उत्तम सांगतो. कायद्याचे परिणाम मात्र वकिलाला विचारावेत, आणि सगळे पान वाचून घेण्याऐवजी अडलेली दोन-तीन कलमेच पुढे ठेवावीत, म्हणजे वेळ आणि फी दोन्ही वाचतात.

कायद्याचा परिणाम म्हणजे काय, याची दोन उदाहरणे देतो. मराठी समजावणीत ‘परवानाधारक’ऐवजी सर्रास ‘भाडेकरू’ म्हटले जाते. बोलण्यात ते चालते, पण लीव्ह अँड लायसन्समध्ये जागा ठरावीक काळ वापरण्याची केवळ परवानगी मिळते, मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही, आणि जुन्या भाडेकरूंना असलेले संरक्षण त्यात गृहीत धरता येत नाही. दुसरे उदाहरण मुदतीचे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार मुदत संपल्यावरही जागा सोडली नाही, तर परवाना शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. म्हणजे आपल्या उदाहरणात महिन्याला ३६,००० रुपये. ही तरतूद कायद्यातच असल्याने करारातून ती वगळलेली असली तरी लागू होते. त्यामुळे पानाचे कितीही नेमके भाषांतर केले तरी ती दिसेलच असे नाही.

म्हणून करार नेहमीच्या साच्यातला असेल, लॉक-इन नसेल आणि अनामत एक-दोन महिन्यांच्या शुल्काएवढी असेल, तर दुसरा मार्ग आणि एक अनुभवी मित्र पुरे, असे माझे मत आहे. लॉक-इन, दंड, ‘नुकसानीची भरपाई करून देण्याची हमी’ किंवा ‘मालकाच्या मर्जीनुसार’ अशी शब्दरचना दिसली, तर वकिलाच्या फीकडे पाहू नये. एखाद्या पानावरचे वाक्य ‘मात्र असे की’ अशा शब्दांपाशी थांबत असेल, तर पुढचे पान मिळेपर्यंत कोणताच अर्थ पक्का धरू नये. अपवाद नेमका तिथेच सुरू होतो.

सही इंग्रजी मजकुरावर होते आणि वाद झाला तर वाचला जातो तोही तोच. तेव्हा एजंटाने किंवा मालकाने तोंडी सांगितलेला अर्थ वेगळा निघाला, उदाहरणार्थ ‘लॉक-इन दोघांनाही लागू आहे’ असे सांगितले गेले, तर तेच शब्द मसुद्यात घालून घ्यावेत आणि दुरुस्त मसुदा पुन्हा वाचल्यानंतरच नोंदणीसाठी अंगठा द्यावा. अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, त्यामुळे मसुदा वाचायला दोन दिवस मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.