सोसायटीच्या ग्रुपवर नोटिशीचा फोटो की टाइप केलेल्या चार ओळी: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मुंबईतल्या बहुतेक सोसायट्यांत नोटीस लागते ती लिफ्टशेजारच्या फलकावर. तिथून कुणीतरी फोटो काढतं आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतं. आमच्या कमिटीनं नऊ महिन्यांपूर्वी हे बदललं. आता सात-आठ ओळींपर्यंतचा मजकूर टाइप करायचा आणि त्याहून मोठा असेल तर फोटोनंतर वेगळ्या मेसेजमध्ये कामाच्या तीन-चार ओळी टाइप करायच्या. या पद्धतीचा कुठे उपयोग झाला, कुठे फोटोच बरा ठरला आणि टाइप करताना काय चुकतं, ते इथे लिहीत आहे.

टाकी सफाईची नोटीस घ्या. फलकावर लेटरहेड, विषय, संदर्भ, सभासदांना विनंती, सही, शिक्का असा पानभर मजकूर असतो. लोकांना त्यातलं हवं असतं एवढंच:

*टाकी सफाई: मंगळवार, १४ तारीख*
पाणी बंद: सकाळी १० ते दुपारी ४, ए आणि बी विंग
सी विंगला नेहमीप्रमाणे पाणी
४ नंतर पहिली दहा मिनिटं पाणी गढूळ येईल, पिण्यासाठी भरू नये

(तारखेच्या ओळीच्या दोन्ही टोकांना * दिलं की ती ओळ ठळक दिसते.) हे गर्दीच्या लोकलमध्ये, एका हातात दांडी धरलेली असतानाही वाचता येतं. फोटो असेल तर तो अनेकदा आधी डाउनलोड करावा लागतो, मग उघडून दोन बोटांनी मोठा करत डावीकडून उजवीकडे सरकवावा लागतो. ज्येष्ठ सभासदांनी फोनमध्ये अक्षरं मोठी करून ठेवलेली असतात, पण ती सेटिंग फक्त मजकुराला लागू होते, फोटोतली अक्षरं आहेत तेवढीच राहतात. आकारातही मोठा फरक आहे. वरचा मजकूर साधारण एकशे साठ चिन्हांचा आहे आणि देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं, मोकळी जागा एक, म्हणजे सगळं मिळून चारशे बाइटच्या आसपास. पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपनं दाबून लहान केल्यावरही बहुधा शंभर-दोनशे केबी असतो, आणि या दाबण्यातच बारीक टाइप पुसट होतो.

नऊ महिन्यांत सर्वात जास्त कामी आला तो शोध. ग्रुपमध्ये 'टाकी' शोधलं की मागच्या सगळ्या तारखा समोर येतात. फोटोतला शब्द या शोधात सापडत नाही. शिवाय ज्यानं तेव्हा फोटो डाउनलोड केला नाही, त्याला काही महिन्यांनी तो उघडेलच असं नाही. मग पुन्हा पाठवायची विनंती करावी लागते. फोटोखाली ओळ लिहिली असेल तर ती शोधात येते, पण फोटो गॅलरीत जातो तेव्हा ती ओळ सोबत जात नाही. म्हणून कामाचा मजकूर वेगळ्या मेसेजमध्ये द्यावा.

सर्वात काळजीची जागा म्हणजे देखभाल शुल्काच्या बँक खात्याचे तपशील. चेकबुकाच्या पानाचा फोटो टाकला की प्रत्येक जण त्यावरून आकडे स्वतः उतरवतो, म्हणजे जितकी घरं तितक्या वेळा चूक व्हायची शक्यता. बँकेतून रक्कम जमा होते ती खाते क्रमांक पाहून. नाव जुळतं की नाही हे पैसे पाठवण्याआधी दाखवण्याची सोय एनईएफटी आणि आरटीजीएससाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार एप्रिल २०२५ पासून आली आहे. ती जरूर वापरा, पण आकडे बरोबर असण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याचीच राहते.

यासाठी आम्ही तीन मेसेज करतो. पहिल्यात खात्याचं नाव, बँक आणि शाखा. दुसऱ्यात फक्त खाते क्रमांक. तिसऱ्यात फक्त आयएफएससी कोड. कारण मेसेज दाबून 'कॉपी' केलं की अख्खा मेसेज कॉपी होतो. 'खाते क्र.' हे शब्द सोबत आले की बँकेच्या अ‍ॅपमध्ये ते खोडत बसावं लागतं. काल्पनिक नमुना असा:

```
123456789012
```

```
ABCD0123456
```

आकडे इंग्रजीच असू द्या आणि मध्ये मोकळी जागा ठेवू नका. १२३ असे देवनागरी आकडे बँकांच्या अ‍ॅपमधले रकाने बहुधा घेत नाहीत.

आयएफएससी तपासायला एक सोपी खूण आहे. तो नेहमी अकरा अक्षरांचा असतो: पहिली चार बँकेची अक्षरं, पाचवं शून्य, आणि शेवटची सहा शाखेची. पाचव्या जागी ओ हे अक्षर आलं असेल तर कोड चुकला असं खात्रीनं समजावं. खाते क्रमांकाला अशी खूण दिसत नाही, शिवाय त्याची लांबी बँकेनुसार बदलते. त्यामुळे तो दोघांनी मिळूनच टाइप करावा. एकानं मूळ कागदावरून तीन-तीन आकडे मोठ्यानं वाचायचे, दुसऱ्यानं टाइप करायचे. मग उलट करायचं: टाइप करणाऱ्यानं फोनवरून वाचायचं आणि पहिल्यानं कागदावर बोट ठेवून जुळवायचं. सर्वात जास्त होणारी चूक म्हणजे शेजारचे दोन आकडे उलटे पडणं, ५८ चे ८५ होणं. स्वतःचं टाइप केलेलं स्वतः वाचताना ही चूक डोळ्यांना दिसत नाही.

फोनमधल्या गूगल लेन्सनं फोटोतला मजकूर कॉपी करून टाइपिंग वाचवता येतं. छापील, सरळ काढलेल्या, उजेडातल्या मराठी नोटिशीवर ते चांगलं चालतं. हस्ताक्षरावर आणि फलकाच्या काचेतून काढलेल्या चकाकीच्या फोटोवर मात्र गडबड होते: घ चा ध, भ चा म, रफार गायब, १ चा ९. शब्द चुकला तर वाचणारा अर्थ लावून घेतो, आकडा चुकला तर कुणाच्या लक्षात येत नाही. त्यामुळे लेन्सनं उचललेल्या मजकुरातल्या तारखा, वेळा, रकमा आणि क्रमांक पुसून हातानं पुन्हा टाइप करावेत, हाच आमचा नियम राहिला आहे.

फोटो कधी? सही-शिक्क्याचं महत्त्व असेल तेव्हा, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस किंवा सरकारी कार्यालयाचं पत्र. तिथे कुणी 'हे खरंच आलंय का?' असं विचारलं तर फोटोच लागतो. मीटरचं रीडिंग, गळतीची जागा, बिलातला अनेक रकान्यांचा तक्ता, या गोष्टी टाइप करण्यात अर्थ नाही. कुणाचं हस्ताक्षर नीट लागत नसेल तर अंदाजानं टाइप करण्यापेक्षा फोटो टाकावा आणि लिहिणाऱ्याला विचारावं. चुकीचा अंदाज टाइप झाला की तो खात्रीचा वाटू लागतो. अशा वेळी फोटो सरळ वरून, सावली न पडू देता काढावा आणि पाठवताना एचडी निवडावं.

टाइप केल्यानंतर चूक सापडली तर व्हॉट्सअ‍ॅपवर पंधरा मिनिटांत मेसेज बदलता येतो. वेळ किंवा विंग चुकली असेल तर तसं बदलणं पुरतं. खाते क्रमांक चुकला असेल तर तेवढ्यावर थांबू नये, कारण कुणीतरी तोवर तो कॉपी केलेला असू शकतो. जुना मेसेज सर्वांसाठी पुसावा, 'दुरुस्ती' असं वर लिहून नवा टाकावा आणि त्यात चुकीच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे द्यावेत. म्हणजे आपण कोणता उतरवला होता, हे ज्याचं त्याला ताडून पाहता येतं.