आयेल्ट्स टास्क २ : 'कारणं सांगा आणि मत द्या' टाइप निबंधासाठी आधी-नंतर पद्धत, पाच महिने वापरून

मी मिरजेत आयसीयूला स्टाफ नर्स आहे. यूकेच्या नर्सिंग रजिस्ट्रेशनला अ‍ॅकॅडमिक आयेल्ट्समध्ये लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला ७ आणि रायटिंगला ६.५ लागतात, आणि माझ्या पहिल्या अटेम्प्टला बाकी तिन्ही निघाले आणि रायटिंग ६ वर अडकलं. रिझल्टवर रायटिंगचा एकच आकडा येतो, चार निकषांपैकी कशात मार खाल्ला ते कळत नाही, म्हणून मी आपली दोन आठवडे ग्रामरच घासत बसले. मग एका सरांना जुने सराव निबंध दाखवले. त्यांनी गठ्ठा चाळून चार निबंध बाजूला काढले आणि म्हणाले, मॅडम, तुमचं इंग्लिश ठीक आहे, या चारमध्ये तुम्ही दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरच दिलेलं नाही.

चारही एकाच जातीचे होते. आधी एखादी परिस्थिती सांगतात, आजकाल अमुक वाढलंय वगैरे, आणि खाली दोन प्रश्न: असं का होतंय, आणि हा बदल चांगला की वाईट. क्लासमध्ये अ‍ॅग्री-डिसअ‍ॅग्रीचा साचा देतात, फायदे-तोट्यांचा देतात, याचा कुणी धड देत नाही, मग माणूस हातात असलेल्या साच्यात हा कोंबतो. मी दुसऱ्या पॅराग्राफमध्ये थोडे फायदे थोडे तोटे लिहून मोकळी व्हायचे. विचारलं होतं माझं मत, आणि मी दिलेली यादी.

पद्धत अगदी साधी आहे. लिहायला घ्यायच्या आधी रफ कागदावर मधोमध उभी रेघ मारायची, डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'. डोक्यात येणारा प्रत्येक मुद्दा त्या बदलाच्या आधीपासून होता आणि त्याने बदल घडवला, की बदल झाला म्हणून नंतर आला, एवढंच विचारायचं. आधीचे मुद्दे म्हणजे कारणं, ती पहिल्या बॉडी पॅराग्राफला. नंतरचे म्हणजे परिणाम, आणि मत त्यांच्या जोरावर द्यायचं, ते दुसऱ्याला.

मी ज्यावर सगळ्यात जास्त घाम गाळला तो विषय सांगते: लोक बिघडलेल्या वस्तू दुरुस्त न करता टाकून नवीन घेतात, असं का, आणि हे चांगलं की वाईट. मी डावीकडे पहिलं लिहिलं, 'लोक आळशी झालेत'. सर म्हणाले, आळशी लोक आधी नव्हते का? तेव्हा कळलं की प्रश्नात 'आजकाल' आहे, म्हणजे कारणसुद्धा काहीतरी बदललेलं पाहिजे, कायमची सवय चालणार नाही. मग 'वस्तू स्वस्त झाल्या' लिहिलं. हे बरोबर होतं पण एका ओळीत संपत होतं, सरांनी विचारलं, स्वस्त झाल्या तर दुरुस्ती का नाही स्वस्त झाली? याच्यावर मी रात्रपाळीत विचार करत होते. मिक्सर कारखान्यात मशीनवर हजारोंनी बनतो, म्हणून एका नगाची किंमत उतरत जाते, पण दुरुस्ती करणारा एकेक मिक्सर हाताने उघडतो, त्याचा तास काही स्वस्त होत नाही, उलट महाग होतो. म्हणजे काही वर्षांत दुरुस्तीचा खर्च नवीन वस्तूच्या जवळ जाऊन टेकतो. हे चार वाक्यांत लिहिलं आणि तो अख्खा पॅराग्राफ जवळजवळ झालाच, वर एक छोटं कारण जोडलं की फोनची बॅटरी आता आतमध्ये चिकटवलेली असते, घरी बदलता येत नाही. दोनच कारणं. आधी मी पाच लिहायचे, एकेका ओळीची.

उजवीकडे काय आलं, तर कचरा वाढतो, आणि तारा जाळून तांबं काढणाऱ्या माणसांच्या छातीत तो धूर जातो. माझं मत: वाईट. आता इथे मला पूर्वी भीती वाटायची की एकच बाजू घेतली तर मार्क कापतील, तसं काही नाही. स्वस्त वस्तूंमुळे गरिबाघरी फ्रिज आला हे मी एका वाक्यात मान्य केलं आणि लगेच म्हटलं की फ्रिज स्वस्त असणं आणि तो दुरुस्तच न होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, माझी तक्रार दुसरीबद्दल आहे. सरांना हे वाक्य आवडलं, कारण त्यात मत आणखी घट्ट झालं. आणि हेच मत इंट्रोच्या शेवटच्या वाक्यात आधी सांगून टाकायचं, कारण आणि मत दोन्ही एका वाक्यात, आणि कन्क्लूजनमध्ये तेच राहिलं पाहिजे. माझ्या जुन्या एका निबंधात इंट्रोत 'वाईट' आणि शेवटी 'बॅलन्स ठेवायला हवा' होतं, वाचताना स्वतःलाच लाज वाटली.

आता पद्धत कुठे फसते ते. याच विषयात 'दुरुस्तीची दुकानं बंद पडली' हा मुद्दा कुठे टाकणार? दुकानं नाहीत म्हणून लोक टाकून देतात, आणि लोक टाकून देतात म्हणून दुकानं चालत नाहीत. मी पहिल्यांदा दोन्हीकडे टाकला आणि दोन पॅराग्राफ एकमेकांची झेरॉक्स झाले. आता असा गोल फिरणारा मुद्दा मी एकाच बाजूला ठेवते, शक्यतो उजवीकडे, कारण मत मांडायला तो जड पडतो: कारागीर गेला की ती विद्या परत येत नाही. डावीकडे त्याचं नावसुद्धा काढायचं नाही.

दुसरी फसगत माझी स्वतःची. एकदा मी घाईत दुसरा प्रश्न वाचलाच नाही आणि सवयीने उपाय लिहिले, सरकारने हे करावं, लोकांनी ते करावं. उपाय विचारणाऱ्या निबंधात उजवा रकाना वेगळाच लागतो. म्हणून आता रेघ मारायच्या आधी दुसऱ्या प्रश्नाचा शेवटचा शब्द रकान्याच्या डोक्यावर उतरवते.

वेळेचं गणित सांगायचं तर टास्क २ ला चाळीस मिनिटं धरतात, त्यातली सहा या रेघेत जातात. सुरुवातीला सहाची बारा व्हायची, महिनाभर तरी. माझे शब्द साधारण इंट्रो ४५, कारणं ९५, मत १०५, शेवट ३०, म्हणजे २५० च्या वर आरामात. मी कॉम्प्युटरवर परीक्षा दिली, तिथे खाली शब्द मोजलेले दिसतात, कागदावर देणाऱ्यांनी एका ओळीत आपले किती शब्द बसतात ते आधीच मोजून ठेवा.

दुसऱ्या अटेम्प्टला रायटिंग ६.५ आलं. सगळं श्रेय या रेघेला नाही, टास्क १ चा ग्राफही मी मधल्या काळात नीट शिकले. कारणांचा पॅराग्राफ अजूनही माझा लांबतो, पंचाण्णवचे सव्वाशे होतात, आणि मग मताची जागा कमी पडते. म्हणून हल्ली सराव करताना मी मताचा पॅराग्राफ आधी टाइप करते आणि कारणांचा नंतर त्याच्या वर.